न मोजलेल्या भाराचा हिशेब

मिक्सरमध्ये खोबऱ्याचे तुकडे टाकले की मोटरचा आवाज खाली येतो, आणि चटणी बारीक होत गेली की तो पुन्हा चढतो. भार वाढला की गती उतरते, भार हटला की चढते, आणि ते आपल्याला कानाने कळते. चटणीला त्याने काही फरक पडत नाही. पण लेथवर शाफ्ट कापताना गती अशी खालीवर झाली तर कापलेल्या पृष्ठभागावर पट्टे उमटतात, आणि कागद किंवा कापड गुंडाळणाऱ्या रोलरवर झाली तर एका क्षणी गुंडाळी सैल पडते आणि दुसऱ्या क्षणी ताणली जाते. म्हणून अशा यंत्रांच्या मोटरीला एन्कोडर बसवलेला असतो. तो गती मोजतो, ड्राइव्ह ती हव्या त्या गतीशी ताडून पाहतो आणि मोटरचा करंट कमीजास्त करतो. या फेऱ्याला कारखान्यात स्पीड लूप म्हणतात.

स्पीड लूपची अडचण अशी की त्याला भार दिसत नाही. त्याला फक्त गती दिसते, आणि गती उतरते ती भार येऊन बसल्यानंतर. भार थेट मोजायचा तर शाफ्टवर टॉर्क-सेन्सर बसवता येतो. पण तो महाग असतो, जागा खातो, फिरत्या शाफ्टवरून त्याचा सिग्नल बाहेर काढावा लागतो, आणि वर शाफ्टमध्ये एक लवचीक तुकडा घालून ठेवतो. प्रयोगशाळेत ते चालते, पण रोजच्या यंत्रात सहसा कुणी तसे करत नाही. मग न मोजलेला भार ओळखायचा कसा, आणि ओळखून तो तिथल्या तिथे खोडून कसा काढायचा? या प्रश्नाचे जे उत्तर आज बहुतेक चांगल्या सर्व्हो-ड्राइव्हमध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात असते, त्याला डिस्टर्बन्स ऑब्झर्व्हर म्हणतात. त्याच्याभोवती बरेच गूढ निर्माण झाले आहे. ते उलगडायला एकच उदाहरण आकड्यांसह शेवटपर्यंत नेलेले बरे.

एक चाचणीचे टेबल घेऊ. त्यावर दोन मोटरी समोरासमोर, शाफ्टला शाफ्ट जोडून बसवल्या आहेत. एक आपली, जिची गती राखायची आहे. दुसरी भार घालण्यासाठी, म्हणजे हवा तेव्हा हवा तेवढा विरोध करण्यासाठी. आपल्या मोटरचा टॉर्क-स्थिरांक ०.५ आहे, म्हणजे एक अँपिअर करंट दिला की ती अर्धा न्यूटन-मीटर टॉर्क देते. दोन्ही मोटरींचे फिरणारे भाग आणि कपलिंग मिळून एकूण जडत्व, म्हणजे कारखान्याच्या भाषेत इनर्शिया, ०.०१ किलोग्रॅम-मीटर-वर्ग आहे. मोटर मिनिटाला १००० फेऱ्यांनी मोकळी फिरते आहे आणि अचानक दुसरी मोटर २ न्यूटन-मीटरचा भार घालते. दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या कप्पीवर दोन किलोचे वजन टांगावे, साधारण तेवढा हा जोर आहे.

ड्राइव्हने काहीच केले नाही तर गती दर १० मिलिसेकंदाला १९ फेऱ्यांनी उतरत जाईल. मोटर जागेवर राखायला ४ अँपिअर जास्तीचा करंट लागेल हे आपल्याला ठाऊक आहे, कारण भार आपणच घातला आहे. ड्राइव्हला मात्र ते ठाऊक नाही.

नेहमीचा स्पीड लूप पीआय प्रकारचा असतो. त्याचे दोन भाग. पहिला भाग चुकीच्या प्रमाणात करंट देतो: गती जितकी कमी, तितका करंट जास्त. पण नुसत्या या भागावर गती कधीच पूर्ण भरून येत नाही, कारण ते ४ अँपिअर चालू ठेवायला थोडी तरी चूक शिल्लक असावीच लागते. ५० मिलिसेकंदांत प्रतिसाद देणारा लूप ठेवला तर आपल्या टेबलावर ही कायमची घट ९५ फेऱ्यांची येते. दुसरा भाग चूक साठवत जातो, आणि चूक शून्यावर येईपर्यंत करंट वाढवत राहतो. तो जोडला की गती पुन्हा १००० वर येते, पण सावकाश. असा पीआय लूप नीट बसवून हिशेब केला तर भार पडल्यावर गती १०० मिलिसेकंदांत ७० फेऱ्यांनी खाली जाते, ३०० मिलिसेकंदांनंतरही २८ फेऱ्यांनी कमी असते आणि अर्ध्या सेकंदाने सहाएक फेरे बाकी राहतात. शिवाय एक उपद्रव असतो. गती १००० वरून ११०० करा असे सांगितले की साठवणारा भाग वाटेतली चूकसुद्धा साठवतो आणि मोटर ११०० च्या पुढे साडेतेरा फेरे जाऊन मागे येते. भारासाठी ठेवलेला भाग आज्ञेच्या कामात असा लुडबुड करतो.

आता दुसऱ्या बाजूने विचार करू. गती उतरायची वाट का पाहायची? मोटरला आपण किती टॉर्क दिला ते आपल्याला माहीत आहे, कारण करंट मोजलेला असतो. फिरणारा भाग किती वेगवाढ घेतो आहे तेही एन्कोडरवरून कळते, आणि वेगवाढीला जडत्वाने गुणले की तिच्यात किती टॉर्क खर्च झाला ते येते. दिलेल्या टॉर्कमधून वेगवाढीत खर्च झालेला वजा केला की जो उरतो तो कुणीतरी घेतला. महिन्याचा पगार माहीत, शिल्लक माहीत, म्हणजे खर्च न विचारता कळतो, तसा हा हिशेब आहे. सूत्रात लिहिला तर:

T_L = Kt·i − J·(dω/dt)

इथे T_L म्हणजे भार, i करंट आणि ω गती. शाळेतल्या न्यूटनच्या दुसऱ्या नियमाचेच हे फिरते रूप, फक्त अज्ञात राशी डावीकडे आणली आहे. एकदा T_L मिळाला की त्याला Kt ने भागायचे आणि तेवढा करंट आधीच्या आज्ञेत मिळवायचा. भार २ न्यूटन-मीटर निघाला तर ४ अँपिअर जास्त. मोटरला मग भार जाणवतच नाही, किंवा निदान तसे वाटते.

ही कल्पना मोटरीसाठी नीट मांडली गेली ती जपानमध्ये. १९८३ साली टोकियोत पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिथे कियोशी ओइशी, कोउहेई ओनिशी आणि मियाची यांनी भाराच्या टॉर्कचा अंदाज घेऊन डीसी मोटरची गती आणि टॉर्क राखण्याची पद्धत सादर केली. न मोजता येणाऱ्या राशीचा अंदाज मोजलेल्या राशींवरून घेणारे ‘ऑब्झर्व्हर’ हे साधन त्याआधीच, १९६४ साली, अमेरिकेत डेव्हिड लुएनबर्गर यांनी मांडले होते. टोकियोतल्या मंडळींचे वेगळेपण असे की त्यांनी त्या साधनाला मोटरच्या आतल्या राशींऐवजी बाहेरून येणाऱ्या त्रासाच्या मागे लावले. ओनिशींनी पुढे केइओ विद्यापीठात या एकाच धाग्यावर रोबोट आणि स्पर्शज्ञानाच्या यंत्रांपर्यंतचे काम उभे केले.

सूत्र सोपे दिसले तरी जसेच्या तसे वापरता येत नाही. अडचण dω/dt मध्ये आहे. एन्कोडर गती देतो तीच मुळी पायऱ्या-पायऱ्यांनी. तिच्यातला फरक घेऊन वेगवाढ काढायला गेले की प्रत्येक पायरी उंच सुळका होऊन समोर येते आणि भाराचा अंदाज थयथयाट करायला लागतो. म्हणून अंदाजावर एक फिल्टर लावतात. हा फिल्टर झटपट बदल अडवतो आणि सावकाश बदल जाऊ देतो. त्याचा वेग g या एका आकड्याने ठरतो. आपण g = २०० घेऊ, म्हणजे अंदाज खऱ्या भाराच्या मागे सुमारे ५ मिलिसेकंदांनी येतो. सूत्राची मांडणी थोडी बदलली तर वेगवाढ काढण्याची पायरीच गळून पडते. प्रत्यक्ष ड्राइव्हमध्ये दर मिलिसेकंदाला एवढेच चालते:

```c
z  += g*Ts*((Kt*i + g*J*w) - z);   // फिल्टर
TL  = z - g*J*w;                   // भाराचा अंदाज
i_ref = (Kp*(w_ref - w) + TL)/Kt;  // करंटची आज्ञा
```

w म्हणजे गती, Ts म्हणजे दोन मोजण्यांमधला वेळ. पहिल्या ओळीत गती आत घातली आणि दुसऱ्या ओळीत तीच बाहेर काढली. या दोन ओळींमधून जे निसटते ते म्हणजे फिल्टरमधून गेलेली वेगवाढ. कुठेही भागाकार करून फरक काढलेला नाही. तिसऱ्या ओळीत साठवणारा भाग नाही हेही पाहण्यासारखे आहे. Kp म्हणजे आपला तोच ५० मिलिसेकंदांचा, चुकीच्या प्रमाणात करंट देणारा भाग, आणि भाराची सगळी जबाबदारी TL वर.

तोच २ न्यूटन-मीटरचा भार आता पुन्हा घालू. पहिल्या काही मिलिसेकंदांत गती आधीसारखीच उतरायला लागते, कारण अंदाज अजून यायचा आहे. पण १३ व्या मिलिसेकंदाला घट ७.४ फेऱ्यांवर थांबते आणि तिथून परत फिरते. १०० मिलिसेकंदांनी दीडएक फेरा बाकी, २०० मिलिसेकंदांनी जवळजवळ काहीच नाही. ७० च्या जागी ७.४. आणि ११०० ची आज्ञा दिली तर मोटर एकदाही पुढे न जाता सरळ ११०० वर जाऊन बसते.

इथे बऱ्याच लेखांमध्ये टाळ्या वाजतात. मला मात्र वाटते की खरी गंमत याच्या पुढे आहे, आणि ती सांगितली नाही तर वाचकाची फसवणूक होते. वरच्या तीन ओळी कागदावर एकत्र करून सोडवल्या की त्यातून पुन्हा पीआय लूपच बाहेर पडतो! साठवणारा भाग गेलेला नसतो, तो दडलेला असतो. भाराचा अंदाज करंटच्या आज्ञेत मिळवला जातो, ती आज्ञा मोटरकडून करंट होऊन परत अंदाजात येते, आणि या वर्तुळात साठवण आपोआप घडते. आपल्या उदाहरणात हिशेब केला तर गतीवरचा गेन आधीच्या पीआयच्या अकरा पट आणि साठवण्याचा वेग चाळीस पट निघतो. भार झटपट खोडला गेला तो या वाढलेल्या गेनमुळे. त्यात जादू काही नाही.

मग पीआयचाच गेन अकरा पट करून टाकला तर? भारापुरते उत्तर तेच येते. पण गती १०० फेऱ्यांनी वाढवा म्हटले की तो पीआय पहिल्याच क्षणी ४६ अँपिअर मागतो. ऑब्झर्व्हरवाला लूप त्याच आज्ञेला ४.२ अँपिअर मागतो. कारण त्याच्यात वाढीव गेनचा मोठा वाटा फक्त मोजलेल्या गतीवर बसतो, आज्ञेवर बसत नाही. म्हणजे ऑब्झर्व्हरने दिले ते एवढेच: आज्ञा किती चपळाईने पाळायची याची एक गुंडी आणि भार किती चपळाईने खोडायचा याची दुसरी, आणि एक फिरवली तर दुसरी हलत नाही. शिवाय दुसऱ्या गुंडीवर लिहिलेला आकडा समजण्यासारखा आहे. ‘साठवण्याचा गेन ४०’ म्हणजे काय ते तंत्रज्ञाला हाताला लागत नाही, पण ‘भार ५ मिलिसेकंदांत ओळख’ हे लागते. कारखान्यात याची किंमत मोठी असते, आणि माझ्या मते या पद्धतीच्या टिकण्याचे खरे कारण हेच आहे.

वाढीव गेनची किंमत मोजावी लागते ती एन्कोडरपाशी. समजा एका फेऱ्यात १०,००० ठोके देणारा एन्कोडर आहे आणि आपण दर मिलिसेकंदाला ठोके मोजतो. एक ठोका कमीजास्त झाला की गती ६ फेऱ्यांनी बदलल्यासारखी दिसते. ऑब्झर्व्हर ती उडी खरी मानतो आणि तिला g आणि J ने गुणतो. g = २०० ला एका ठोक्याची किंमत सुमारे अडीच अँपिअर होते. मोटर एका गतीने शांत फिरत असतानाही ठोके एकाने कमीजास्त होतच राहतात, म्हणून करंट अडीच अँपिअरने सतत थरथरतो. g = १००० केले तर साडेबारा अँपिअर. हे ओळखायला यंत्र लागत नाही. मोटर सूं सूं आवाज करायला लागते, आणि भार नसताना तापते. तिथेच १७ बिटांचा एन्कोडर असेल, म्हणजे फेऱ्याला १,३१,०७२ ठोके, तर g = २०० ला हीच थरथर ०.२ अँपिअरच्या आत राहते. अंदाज किती चपळ करता येईल हे बहुतेकदा गणितापेक्षा एन्कोडरच्या खरेदीच्या वेळीच ठरलेले असते. दुसरी मर्यादा करंट लूपची. करंट मागितल्यावर तो यायलाही वेळ लागतो, आणि अंदाज त्याच्याइतकाच घाईचा केला तर दुरुस्ती उशिरा पोहोचून उलट धक्के देते. म्हणून g करंट लूपच्या वेगाच्या पाचव्या ते दहाव्या हिश्शात ठेवण्याचा रिवाज आहे.

g ला मर्यादा असल्यामुळे कुठला भार खोडला जातो आणि कुठला नाही हेही ठरते. २०० म्हणजे सेकंदाला ३२ आवर्तने. लेथवर चावीची खाच असलेला शाफ्ट कापताना हत्यार दर फेऱ्याला एकदा खाचेत मोकळे होते आणि पुन्हा धातूवर आदळते. मिनिटाला १०० फेरे असतील तर हा भार इतका सावकाश येतो-जातो की त्याचा फक्त ५ टक्के भाग खोडायचा राहतो. १००० फेऱ्यांवर ४६ टक्के राहतो आणि २००० वर ७२. ऑब्झर्व्हर चालू आहे, अंदाजाचा आलेख नीट दिसतो आहे, तरी शाफ्टवर पट्टे का, असा प्रश्न पडला की आधी आवर्तने मोजावीत. तिथे अंदाजापेक्षा जड चकती जास्त उपयोगाची असते. जुन्या यंत्रांना मोठी फ्लायव्हील असायची ती काही उगाच नाही.

आता जडत्वाकडे येऊ, कारण सगळा हिशेब J वर उभा आहे. हिशेबाची गंमत अशी की त्यात जे बसत नाही ते सगळे भाराच्या नावावर जाते: बेअरिंगचे घर्षण, मोटरमधल्या चुंबकांची खेच, वर-खाली होणाऱ्या वजनाचे ओझे, आणि आपण लिहिलेल्या जडत्वातली चूकसुद्धा. खरे जडत्व लिहिलेल्यापेक्षा जास्त असेल तर वेगवाढीच्या वेळी जास्तीचा टॉर्क लागतो. ऑब्झर्व्हर तो भार समजतो आणि भरून देतो. यंत्र हलक्या मोटरीसारखे वागायला लागते. गुंडाळी जाड होत जाणाऱ्या रोलरवर हे वरदानच, कारण जडत्व दर मिनिटाला बदलत असते आणि कुणी ते लिहून देत नाही.

पण हे एका हद्दीपर्यंतच. आपल्या टेबलावर J ऐवजी त्याच्या पाव हिस्सा लिहिला आणि Kp तसाच ठेवला, तर गती बदलायची आज्ञा दिल्यावर मोटर दहा-पंधरा टक्के पुढे जाऊन हेलकावत परत येते. उलट जडत्व दुप्पट लिहिले तर कागदावर काही बिघडत नाही. प्रत्यक्षात मात्र g दुप्पट केल्यासारखे होते, आणि करंट लूपचा उशीर व एन्कोडरची थरथर दोन्ही पुढे येतात. म्हणून दोन चुकांची लक्षणे वेगळी दिसतात. सावकाश, डोळ्यांनी दिसणारे हेलकावे असतील तर लिहिलेले जडत्व कमी आहे. बारीक, कानाला ऐकू येणारी कंपने असतील तर ते जास्त आहे.

जडत्व काढायचा सरळ उपाय ड्राइव्हमध्येच असतो. मोटर फिरत असताना आधी +४ अँपिअर द्यायचे, मग −४, आणि दोन्ही वेळी गती कुठल्या उताराने बदलते ते पाहायचे. आपल्या टेबलावर समजा ०.२ न्यूटन-मीटरचे घर्षण आहे. तर पहिल्यांदा वेगवाढ १८० आणि दुसऱ्यांदा −२२० येईल. घर्षण दोन्ही वेळा एकाच दिशेने काम करते, म्हणून दोघांच्या फरकातून ते गळून जाते. फरक ४००, टॉर्कमधला फरक ४ न्यूटन-मीटर, भागाकार ०.०१. आणि दोघांची बेरीज −४०, तिचा अर्धा जडत्वाने गुणला की ०.२ न्यूटन-मीटर, म्हणजे घर्षणही फुकटात हाती लागले. यात गाडी चुकते ती मोटर पट्ट्याने किंवा लांब शाफ्टने भाराला जोडलेली असली की. लवचीक जोडामुळे भार मागे राहतो, उतार सरळ रेषा न राहता लाटांसारखा दिसतो, आणि अशा लाटेवरून काढलेले जडत्व दर वेळी वेगळे येते.

लवचीक जोड असला की ऑब्झर्व्हरची चपळाईच अंगाशी येते. मोटरीला शाफ्टच्या पिळाचा टॉर्क भार म्हणून दिसतो आणि ती तो निष्ठेने खोडून काढते. त्यामुळे मोटर भिंतीत गाडल्यासारखी स्थिर राहते, आणि शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचे वजन स्प्रिंगवर टांगल्यासारखे डोलत राहते. मोटरकडची गती पाहिली तर ती सुतासारखी सरळ दिसते. यंत्र मात्र हलत असते. जपानी संशोधकांनी १९९० च्या दशकात याला तोडगा काढला तो असा की भाराचा अंदाज पूर्ण खोडायचाच नाही, त्याचा एखादा हिस्साच परत द्यायचा, म्हणजे मोटर थोडी हलू शकते आणि हलताना डोलणे शोषून घेते.

आणखी दोन खोड्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या वाट्याला येतात. पहिली, सुरुवातीची. मोटर आधीच १००० फेऱ्यांनी फिरत असताना ऑब्झर्व्हर चालू केला आणि z शून्यावर ठेवला, तर वरच्या दुसऱ्या ओळीत भाराचा अंदाज उणे २०० न्यूटन-मीटरच्या पुढे निघतो. मोटर जोरात झटका खाते. z ची सुरुवात g*J*w पासून करायची, एवढाच इलाज. दुसरी खोडी जास्त घातक. भार इतका वाढला की ड्राइव्हची करंटची हद्द संपली, समजा १० अँपिअरवर. अशा वेळी पहिल्या ओळीत i म्हणून खरा मोजलेला करंट न घालता मागितलेला करंट घातला असेल, तर ऑब्झर्व्हरला वाटते की आपण १४ अँपिअर दिले तरी मोटर हलत नाही, म्हणजे भार आणखी वाढला. तो १८ मागतो, मग २५. दडलेला साठवणारा भाग तो हाच. भार हटल्यावरही हे फुगलेले ओझे उतरायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ मोटर उधळते. यंत्र अडकल्यावर भाराच्या अंदाजाचा आलेख सपाट न राहता सतत चढत असेल, तर पहिल्या ओळीतला i तपासावा.

आलेखाची गोष्ट निघालीच आहे, तर ऑब्झर्व्हरचा दुसरा उपयोगही सांगायला हवा. खोडण्यासाठी काढलेला भाराचा अंदाज हा मुळात एक मोफतचा टॉर्क-सेन्सर आहे. ओनिशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली याच अंदाजातून घर्षणासारखे माहीत असलेले भाग वजा करून रोबोटच्या हातावर बाहेरून किती जोर पडतो ते काढले. रोबोटचा हात कुणाला लागला की थांबतो, हत्यार बोथट झाले की यंत्र इशारा देते, त्यामागे पुष्कळदा हाच आकडा असतो. पण गती राखण्यासाठी चालून जाणारी एक चूक इथे चालत नाही. टॉर्क-स्थिरांक चुकीचा लिहिला असला तरी गती बरोबर राखली जाते, कारण अंदाज काढताना ज्या Kt ने गुणले त्याच Kt ने परत भागले जाते आणि चूक स्वतःलाच खाऊन टाकते. न्यूटन-मीटरमधला आकडा मात्र खोटा येतो.

तो तपासायला मोटरच्या शाफ्टवर १० सेंटिमीटर त्रिज्येची कप्पी बसवावी, एक किलोचे वजन टांगावे आणि ते सावकाश, एकसारख्या गतीने वर न्यावे, मग खाली आणावे. वजनाचा टॉर्क ०.९८ न्यूटन-मीटर. वर जाताना घर्षण विरोधात असते म्हणून अंदाज १.१८ दाखवील, खाली येताना ०.७८. दोघांची सरासरी ०.९८ आली तर Kt बरोबर, आणि फरकाचा अर्धा, ०.२, हे घर्षण. आता मोटर तासभर भाराखाली चालवून तापवावी आणि हीच चाचणी पुन्हा करावी. सरासरी १.०६ च्या आसपास आली तर दचकू नये. निओडिमियमची चुंबके दर अंशाला साधारण ०.१ टक्क्याने कमजोर होतात, आणि आतले तापमान ८० अंशांनी वाढले की त्याच वजनाला आठएक टक्के जास्त करंट लागतो. ऑब्झर्व्हरने थंड मोटरचाच Kt धरून त्या करंटचा टॉर्क काढला आहे.